ब्रश किती जाड, रेघ कुठवर

फिल्टर लावलेला चेहरा कृत्रिम वाटतो, तेव्हा बिघाड बहुतेक वेळा डोळ्यांत सापडतो. साडीच्या चुण्या छान रंगवल्यासारख्या दिसतात, मागची भिंत तर थेट कॅनव्हासवरची वाटते, पण डोळ्यांतला चमकीचा ठिपका गेलेला असतो. बुबुळ आणि बाहुली एकमेकांत मिसळून एक काळसर डाग उरतो आणि माणूस अनोळखी होतो. कार्टून फिल्टरमध्ये हाच बिघाड दातांवर दिसतो. प्रत्येक दोन दातांमधल्या फटीत काळी रेघ उमटते आणि हसरा चेहरा भीतिदायक होतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. फिल्टरला डोळा, दात, भिंत यांतलं काहीच ओळखता येत नाही. त्याला फक्त शेजारशेजारच्या ठिपक्यांमधला उजेडाचा आणि रंगाचा फरक कळतो, आणि सगळ्या फोटोवर तो एकाच मापाने हात फिरवतो. चित्रकार असं कधीच करत नाही. म्हणून फिल्टर नैसर्गिक दिसावा असं वाटत असेल, तर तो कुठे किती जोराने चालेल आणि कोणत्या कडा शिल्लक ठेवेल हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

उदाहरणासाठी मी एकच फोटो घेते. माझ्या मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी घरच्यांना तिचं फ्रेम केलेलं ‘ऑइल पेंटिंग’ हवं होतं. हाताशी होता तो मोबाइलवर काढलेला फोटो. वाड्याच्या लाकडी दारात बसलेली मावशी, अंगावर हिरवी इरकली नऊवारी, नाकात मोत्यांची नथ, मागे अर्धवट अंधारातली ओसरी. फोटो ३००० गुणिले ४००० पिक्सेलचा, म्हणजे ज्याला बारा मेगापिक्सेल म्हणतात तो. छापायचा होता नऊ बाय बारा इंचांवर. चेहऱ्याची रुंदी साधारण १००० पिक्सेल भरत होती. हे आकडे आधी सांगण्याचं कारण असं, की पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्यावरच उभा आहे. काम केलं जिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये. फोटोशॉपमध्ये किंवा इतर कुठेही बटणांची नावं बदलतील, हिशेब बदलणार नाही.

जिम्पमधला तैलचित्राचा फिल्टर Filters > Artistic > Oilify इथे सापडतो. त्यातली मुख्य पट्टी Mask Radius, आणि ती सुरुवातीला ४ वर असते. हा फिल्टर काय करतो ते समजलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याभोवती तो एक वर्तुळ आखतो आणि त्या वर्तुळात निवडणूक घेतो. वर्तुळातला प्रत्येक ठिपका आपल्या छटेला मत देतो, ज्या छटेला सर्वांत जास्त मतं ती छटा मधल्या ठिपक्याला मिळते. शेजारच्या ठिपक्यांची वर्तुळं जवळपास सारखीच असल्याने त्यांचे निकालही सारखे लागतात, आणि रंगाचे सपाट, कडेला टोकदार असे डाग तयार होतात. आपल्याला ते ब्रशचे फटकारे वाटतात. त्रिज्या वाढवली की मतदारसंघ मोठा होतो आणि लहान गोष्टींचा पराभव ठरलेला असतो. शेजारची दुसरी पट्टी Exponent, सुरुवातीला ८ वर. ती वाढवली की विजेत्याला सगळंच मिळतं आणि डागाची कड कडक होते. कमी केली की हरलेल्यांच्या छटांनाही थोडा वाटा मिळतो आणि कड मऊ पडते.

आता हा हिशेब मावशीच्या फोटोला लावून पाहू. चेहरा १००० पिक्सेल रुंद, म्हणजे प्रत्यक्षातल्या एका मिलिमीटरला फोटोत साधारण सात पिक्सेल. बुबुळ सुमारे १२ मिलिमीटरचं असतं, ते इथे ८४ पिक्सेलचं. डोळ्यातला चमकीचा ठिपका मोजला तेव्हा १२ पिक्सेल भरला. नथीतला एक मोती २८ पिक्सेलच्या आसपास. त्रिज्या ४ ठेवली तर वर्तुळाचा व्यास ९ पिक्सेल होतो. चमकीच्या ठिपक्याच्या मधोमध हे वर्तुळ ठेवलं तर सगळी मतं पांढऱ्या छटेचीच, त्यामुळे चमक टिकते. त्रिज्या २० केली की व्यास ४१ पिक्सेल, आणि त्यात १२ पिक्सेलचा पांढरा ठिपका म्हणजे किरकोळ अल्पमत. चमक गेली. मोतीही जातो, कारण २८ पिक्सेलचा गोल ४१ पिक्सेलच्या वर्तुळाचं निम्मं क्षेत्रही भरत नाही, आणि त्यातही मोत्याच्या छटा एकसारख्या नसल्याने त्याची मतं फुटतात.

मग सगळीकडेच ४ ठेवावं का? नऊ इंच रुंदीत ३००० पिक्सेल छापले की ९ पिक्सेलचा फटकारा कागदावर पाऊण मिलिमीटरही भरत नाही. हातभर अंतरावरून तो कुणाला दिसणार नाही. पाहणाऱ्याला हा रंगवलेला चेहरा न वाटता नीट न आलेला फोटो वाटेल. आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. मोबाइलच्या किंवा कॉम्प्युटरच्या पडद्यावर पूर्ण फोटो बसवून पाहिला की ४ चा परिणाम दिसतच नाही. मग पट्टी सरकवत सरकवत २०-२५ वर नेली जाते, पडद्यावर ‘आता दिसलं’ असं वाटतं, आणि छापून आल्यावर डोळे गेलेले असतात. उलट गंमत अशी, की हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपसाठी १००० पिक्सेल रुंदीचा केला तर ४ ची त्रिज्या मोठ्या फोटोतल्या १२ सारखी वागते. त्रिज्येला स्वतःचा असा अर्थ नसतो. फोटो किती पिक्सेलचा आहे आणि त्यातली जपायची सर्वांत लहान गोष्ट केवढी आहे, यांच्याशी जोडल्यावरच तिला अर्थ येतो. म्हणून फिल्टर उघडण्याआधी मोजपट्टीचं साधन घेऊन ती लहान गोष्ट मोजावी. वर्तुळाचा व्यास तिच्यापेक्षा लहान राहिला तर ती वाचते. बरोबरीला आला की डगमगते, आणि दीडपट झाला की नाहीशी होते.

एकाच फोटोत भिंतीला २० हवंय आणि डोळ्याला ४ सुद्धा जड होतंय, म्हणजे एका मापाने काम भागणार नाही हे उघड आहे. जुन्या मुंबईच्या चित्रकारांची व्यक्तिचित्रं जवळून पाहिली तर हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. गोव्यात जन्मलेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून पुढे तिथेच शिकवणारे आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजीला फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे. अशा तैलचित्रांत चेहऱ्यावर रंग एकमेकांत अलगद मिसळलेले असतात, ब्रशच्या खुणा शोधाव्या लागतात. पदर, हात, मांडीवरचं कापड इथे ब्रश मोकळा होतो आणि मागची बाजू तर रुंद फटकाऱ्यांत आटोपलेली असते. चेहऱ्याकडे नजर जावी आणि तिथेच थांबावी म्हणून केलेली ही वाटणी आहे. एरन हर्ट्झमन या संशोधकाने १९९८ साली फोटोपासून संगणकाने चित्र रंगवण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच होता. आधी जाड ब्रशने सगळं चित्र भरायचं, मग मूळ फोटोशी ताडून पाहायचं, आणि जिथे फार फरक पडला असेल तेवढ्याच जागी बारीक ब्रश चालवायचा. जिथे जाड ब्रशने भागलं तिथे बारीक ब्रशने हात लावायचा नाही.

जिम्पमध्ये हे हाताने करता येतं, आणि मला तर हातानेच करणं पसंत आहे, कारण कुठे थांबायचं हे आपण ठरवतो. मूळ लेयरच्या प्रती काढायच्या. सर्वांत खालच्या प्रतीवर त्रिज्या २० चा फिल्टर लावला. हा सगळा फोटोभर, दार आणि ओसरीसाठी. तिच्यावरच्या प्रतीवर त्रिज्या १०, साडी आणि हातांसाठी. तिच्यावर त्रिज्या ५ ची प्रत, चेहऱ्यासाठी. इथे Exponent सुद्धा ८ वरून ५ वर आणला, म्हणजे गालावरच्या डागांच्या कडा मऊ पडल्या. वरच्या दोन्ही प्रतींना काळा मास्क जोडला, त्यामुळे त्या पूर्ण झाकल्या गेल्या. मग मऊ कडेचा पांढरा ब्रश घेऊन साडीच्या प्रतीच्या मास्कवर साडी रंगवली, चेहऱ्याच्या प्रतीच्या मास्कवर चेहरा. जिथे पांढरं, तिथे ती प्रत दिसते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जिम्प ३.० पासून फिल्टर लेयरवर वेगळा राहतो, म्हणजे साडीला १० ऐवजी ८ बरं वाटलं तर नंतर आकडा बदलता येतो, मास्क तसाच राहतो.

त्रिज्या १० ला साडीचं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. वर्तुळाचा व्यास २१ पिक्सेल. इरकलीच्या काठातली दोन मिलिमीटरची, म्हणजे १४ पिक्सेलची पट्टी टिकली, कारण वर्तुळ तिच्यावर मधोमध आलं की तीन चतुर्थांशाहून जास्त क्षेत्र तिचंच असतं. शेजारची मिलिमीटरभर रुंदीची रेघ मात्र पुसली गेली, तिला चाळीस टक्क्यांच्या आसपासच मतं पडली. मला ते योग्य वाटलं. चित्रकारानेही ती रेघ काढली नसती. काठ हा काठ म्हणून ओळखू येतो आणि साडी मोजत बसावं लागत नाही, एवढं पुरेसं असतं.

मास्क रंगवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. चेहऱ्याचा मास्क चेहऱ्याच्या कडेच्या थोडा बाहेर सांडला तर चालतं, आत कमी पडला तर चालत नाही. बाहेर सांडला तर डोक्यामागच्या अंधारात थोडे बारीक फटकारे येतात, ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. आत कमी पडला तर गालाची कड खालच्या जाड ब्रशच्या ताब्यात जाते आणि कानाची पाळी, हनुवटीची गोलाई कुरतडल्यासारखी दिसते. कपाळावर उडालेले पांढरे केस हा सगळ्यात नाजूक भाग. तिथे मास्क चांगला बोटभर बाहेर घेतला.

आता जोर कमी करण्याच्या दुसऱ्या, जास्त प्रचलित मार्गाबद्दल. बहुतेक अ‍ॅपमध्ये एकच पट्टी असते, ० ते १००, आणि ती फिल्टर लावलेलं चित्र आणि मूळ फोटो यांचं मिश्रण करते. जिम्पमध्ये तेच काम लेयरची Opacity करते. फिल्टर भडक वाटला की लोक ती पन्नासवर आणतात. त्याने भडकपणा जातो खरा, पण चित्र गढूळ होतं. जाड फटकाऱ्यांच्या खालून त्वचेची छिद्रं, एकेक केस, कापडाचा धागा अर्धवट डोकावू लागतो. कडा दुहेरी दिसतात, जणू दोन चित्रं एकावर एक पडली आहेत. ना धड फोटो, ना धड चित्र. माझं मत असं, की आधी त्रिज्या योग्य करावी आणि मिश्रणाकडे नंतर वळावं. फटकारा जेवढा लहान, तेवढं मिश्रण निर्धोक. त्रिज्या ५ च्या चेहऱ्यावर ७५-८० टक्के ठेवून खालून मूळ फोटो येऊ दिला तर दुहेरी कडा दिसत नाहीत, कारण सरकलेलं अंतरच दोन-चार पिक्सेलचं असतं. त्रिज्या २० वर हे करून चालत नाही. तिथे शंभर टक्केच बरे.

इथे लेयरच्या मांडणीचा एक बारीक मुद्दा आहे. चेहऱ्याची प्रत पातळ केली तर तिच्याखाली दिसणार त्या साडीच्या आणि भिंतीच्या प्रती, म्हणजे जाड फटकारे. ते नको असतात. म्हणून मिश्रण करायचं ते त्या प्रतीच्या आतच करावं. फिल्टरच्या खिडकीत Blending Options मध्ये Opacity दिलेली असते. तिथे ७५ केलं की त्या प्रतीतच मूळ फोटो मिसळतो.

डोळ्यांसाठी शेवटी आणखी एक लेयर लागतो. मूळ फोटोची, काहीच फिल्टर न लावलेली प्रत सगळ्यात वर, काळ्या मास्कने झाकलेली. तिच्यात पूर्ण पांढरा ब्रश कधीच वापरायचा नाही. ब्रशची तीव्रता पन्नासच्या आसपास ठेवून फक्त बुबुळ, वरच्या पापणीची कड, दोन ओठांमधली रेघ, नथीचे मोती आणि कुंकवाची कड एवढंच उघडायचं. डोळ्याचा पांढरा भाग उघडायचा नाही. तिथल्या लाल शिरा परत आल्या की फोटो पुन्हा वर येतो. मावशीच्या डोळ्यांतली चमक एवढ्यानेच परत आली.

कडांचा प्रश्न यापेक्षा थोडा खोल आहे. चित्रासारखं दिसण्यासाठी आतला भाग गुळगुळीत आणि कड मात्र शाबूत, असं दोन्ही एकाच वेळी साधावं लागतं. साधं ब्लर दोन्ही पुसून टाकतं. यावरचा एक जुना तोडगा कलेच्या क्षेत्रातला नाहीच. जपानमध्ये १९७६ साली कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शरीरात किरणोत्सारी द्रव्य सोडून घेतलेल्या हृदयाच्या प्रतिमांतला खरखरीतपणा काढण्यासाठी एक फिल्टर तयार केला. प्रत्येक ठिपका आपल्या चार कोपऱ्यांतले चार छोटे चौकोन पाहतो, त्यांतला ज्यात सर्वांत कमी चढउतार आहे तो निवडतो आणि त्याची सरासरी घेतो. कडेजवळचा ठिपका आपोआप कडेच्या आपल्याच बाजूचा चौकोन निवडतो, म्हणून कड ओलांडून रंग मिसळत नाहीत. डॉक्टरांसाठी केलेल्या त्या फिल्टरने फोटो रंगवल्यासारखे दिसतात, हे लक्षात आल्यावर तो चित्रफिल्टर म्हणून नावारूपाला आला. पुढे २००९ मध्ये त्याचं एक सुधारित रूप आलं. त्यात चौकोनांऐवजी लंबवर्तुळं येतात आणि ती फोटोतल्या रेषांच्या दिशेने वळतात. केसांवर लांब फटकारे, गालावर गोलाईने जाणारे. जिम्पच्या ऑइलिफायला ही दिशा कळत नाही, त्याचं वर्तुळ सगळीकडे गोलच. ही त्याची मोठी मर्यादा आहे, आणि केसांवर ती सगळ्यात आधी उघडी पडते. फोटोशॉपचा Oil Paint दिशा पाळतो, पण तो रंगाच्या थराला उठाव देऊन त्यावर उजेडही टाकतो. त्यातली Shine ही पट्टी चेहऱ्यावर जवळजवळ शून्याला नेली नाही तर कातडी प्लास्टिकची होते.

या सगळ्या फिल्टरांसाठी कड म्हणजे फक्त फरक. त्यामुळे जिथे माणसाला कड दिसत नाही तिथेही त्यांना ती सापडते. मोबाइल स्वतःच फोटोला शार्पनिंग करतो, म्हणून गडद डोक्याच्या कडेला एक फिकट झालर आलेली असते. फोटोत ती जाणवत नाही, पण फिल्टर तिला इमानाने जपतो आणि डोक्याभोवती पांढुरका पट्टा रंगवतो. अंधाऱ्या ओसरीतला नॉइज म्हणजे त्याच्या दृष्टीने हजारो कडा, त्यांचे किडे वळवळल्यासारखे ठिपके होतात. म्हणून फिल्टरच्या आधी नॉइज कमी करावा, आणि फोटो काढतानाच उजेड जास्त असेल तर उत्तमच. याच्या नेमकं उलट संकट पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्या फोटोत येतं. तिथे मागचा भाग कॅमेऱ्याने इतका गुळगुळीत केलेला असतो, की फिल्टरला फटकारे काढायला काहीच उरत नाही आणि नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे सपाट पट्टे पडतात. अशा वेळी मागच्या भागात फिल्टरच्या आधी थोडा नॉइज मुद्दाम घालावा. एकीकडे काढायचा आणि दुसरीकडे घालायचा हे विचित्र वाटेल, पण फिल्टरला चघळायला फरक लागतो, आणि तो कुठे द्यायचा हे आपल्या हातात आहे.

कार्टूनच्या बाबतीत कडेलाच सगळं महत्त्व येतं. जिम्पमधला Cartoon फिल्टर प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाची त्याच्या आसपासच्या सरासरीशी तुलना करतो आणि जो ठिपका आसपासच्यापेक्षा गडद असेल त्याला आणखी काळं करतो. Mask Radius म्हणजे आसपासची व्याप्ती, सुरुवातीला ७. Percent Black म्हणजे काळं करण्याचं प्रमाण, सुरुवातीला ०.२. मूळ फोटोवर हा थेट लावला तर मावशीच्या चेहऱ्यावर काय झालं असेल याची कल्पना करता येईल. प्रत्येक सुरकुती, प्रत्येक छिद्र, चष्म्याच्या काड्यांची सावली, दातांच्या फटी, सगळ्यांना एकसारखी काळी शाई. ऐंशीची मावशी शंभराच्या पुढची दिसू लागली.

यावरचा उपाय क्रमात आहे. आधी गुळगुळीत करायचं, मग रेघ शोधायची. होल्गर विनेम्योलर, स्वेन ऑल्सन आणि ब्रूस गूच यांनी २००६ साली चालत्या व्हिडिओला कार्टूनचं रूप देणारी जी पद्धत मांडली, तीही याच क्रमाने जाते. कडा राखून गुळगुळीत केलेल्या प्रतिमेतच ती रेघा शोधते. त्यामुळे बारीक खरखर रेघ होण्याआधीच निघून जाते आणि उरलेल्या रेघा कमी, लांब आणि सलग येतात. जिम्पमध्ये मी वरचं तीन लेयरचं काम झाल्यावर, डोळ्यांचा लेयर तात्पुरता बंद ठेवून, New from Visible ने सगळ्याची एक सपाट प्रत काढली आणि कार्टून फिल्टर तिच्यावर लावला. त्रिज्या १२, काळ्याचं प्रमाण ०.०६. रेघा निम्म्याहून कमी झाल्या.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. रेघांच्या प्रतीची Opacity कमी केली तर इथे चित्र गढूळ होत नाही. खालचं चित्र आणि वरची प्रत रेघा सोडल्या तर एकच आहेत, म्हणून फक्त रेघ फिकट होते. चेहऱ्यावर ती पन्नास टक्के, साडीच्या काठावर आणि दाराच्या चौकटीवर ऐंशीपर्यंत. काळ्या रेघेतून खालची त्वचा दिसू लागली की ती आपोआप तपकिरी होते, आणि गव्हाळ चेहऱ्यावर तपकिरी रेघच शोभते.

मग मास्क घेऊन रेघा खोडायला बसायचं. माझ्या मते या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. दातांमधल्या सगळ्या रेघा खोडल्या, फक्त ओठांची कड ठेवली. नाकाच्या दोन बाजूंपैकी उजेडाकडची रेघ काढून टाकली, सावलीकडची ठेवली. कपाळावरच्या आडव्या आठ्यांपैकी दोन ठेवल्या, कारण त्या मावशीच्या आहेत. गालावर हसताना पडणाऱ्या दोन वळ्या पूर्ण ठेवल्या, डोळ्यांखालची जाळी जवळजवळ सगळी काढली. सुरकुत्या सरसकट पुसल्या तर चेहरा तरुण होत नाही, परका होतो. डोक्याच्या मागच्या बाजूला केस आणि अंधार एकमेकांत मिसळत होते, तिथे फिल्टरने रेघ काढली नव्हती आणि मीही ती ओढली नाही. चांगल्या चित्रांत काही कडा अशा हरवू देतात. सगळीकडून रेघेने बंद केलेली आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल अ‍ॅप आहे, त्यांनाही यातलं बरंचसं करता येतं. अ‍ॅपचा ब्रश नेहमीच जाड पडत असेल, तर फोटो दुप्पट मोठा करून मग अ‍ॅपला द्यावा. अ‍ॅप फोटोला आतल्या आत लहान करत नसेल, तर तोच ब्रश आता निम्म्या जाडीचा होतो. एकाच फोटोच्या दोन प्रती काढाव्यात, एक जोरात आणि एक हलकी, आणि लेयर व खोडरबर असलेल्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये जोरातली वर ठेवून चेहऱ्यावरून ती खोडावी. तीन लेयरांची सफाई त्यात येणार नाही, पण डोळे वाचतील.

पडद्यावर काम संपलं असं वाटलं तरी छपाईआधी एक तपासणी करावी. चित्र पडद्यावर शंभर टक्क्यांना पाहिलं तर फटकारे फार मोठे वाटतात, पूर्ण बसवून पाहिलं तर फार लहान. दोन्ही फसवे. त्यापेक्षा डोळा, नथ आणि पदराचा काठ येईल एवढा तुकडा कापून, आकार न बदलता, तो चार बाय सहाच्या साध्या फोटो प्रिंटवर छापून घ्यावा. खर्च थोडाच येतो. मग तो भिंतीला लावून फ्रेम जितक्या अंतरावरून पाहिली जाणार तितक्या अंतरावर उभं राहावं. तिथून साडीवरचे फटकारे जेमतेम दिसले पाहिजेत आणि चेहऱ्यावरचे दिसता कामा नयेत. चेहऱ्यावरचे फटकारे दिसले तर त्रिज्या एक-दोनने कमी करावी. साडी फोटोसारखी वाटली तर तिची वाढवावी.

कागद कोणता यावरही थोडं बदलतं. चकचकीत कागदावर काळं फार गडद येतं, त्यामुळे रेघांचा लेयर आणखी दहा टक्क्यांनी उतरवावा लागतो. कॅनव्हासवर छापायचं असेल तर विणीमुळे बारीक तपशील थोडा बुजतो, तिथे डोळ्यांच्या लेयरचा मास्क पन्नासऐवजी सत्तरपर्यंत उघडावा. फोटोशॉपमध्ये केलं असेल तर Bristle Detail उतरवावी, कारण ब्रशच्या केसांच्या खुणा आणि कापडाची वीण एकमेकींवर आल्या की दोन्ही घाण दिसतात. लेयर आणि मास्क असलेली मूळ फाइल जपून ठेवावी. उद्या कुणी हेच चित्र दुप्पट मोठं मागितलं, तर तयार चित्र ताणून मोठं करू नये. फटकारेही दुप्पट होतील आणि गालावर डाग दिसू लागतील. मूळ फोटो आणि सगळे मास्क दुप्पट मोठे करून फिल्टर पुन्हा लावावे, आणि त्रिज्या ठरवताना आधी विचारून घ्यावं की ते चित्र लावणार कुठे. दिवाणखान्यात दहा फुटांवरून पाहायचं असेल तर चेहऱ्याला १० चालेल. जिन्याच्या वळणावर, जिथे माणूस चित्राला जवळजवळ खेटून जातो, तिथे ६ च्या वर जाऊ नये.